माझी गाठ मीच मोजली

मी बावीस वर्षं क्षयरोगाच्या कामात आहे. विरार पूर्वेला एका सरकारी दवाखान्यात आमची एक खोली आहे. दोन टेबलं, एक वजनकाटा, गोळ्यांचं कपाट आणि खिडकीशी रुग्णांसाठी बाकडं. माझं काम औषध लिहून देण्याचं नाही, ते डॉक्टर करतात. लिहून दिलेलं औषध माणसाच्या पोटात रोज जातंय की नाही हे बघणं माझं काम. मनवेलपाड्यातल्या चाळींचे जिने मी माझ्या स्वतःच्या सोसायटीच्या जिन्यापेक्षा जास्त वेळा चढले असेन. गोळ्या कोण संडासात टाकतो, कोण उशीखाली लपवतो, कोण “घेतली मॅडम” म्हणताना डोळे दुसरीकडे फिरवतो, हे मला दारातूनच कळतं, असा माझा समज होता. माझ्या तोंडाला सगळा भाग घाबरतो. ते मला ठाऊक आहे आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचंही.

माझ्या मानेतली गाठ मला संक्रांतीच्या सुमारास सापडली. हळदीकुंकवाला जायचं म्हणून गळ्यातलं मागे अडकवत होते, तेव्हा उजव्या बाजूला, कानाच्या खाली चार बोटांवर, काहीतरी हाताला लागलं. दाबलं. दुखलं नाही. बाजूला सरकवलं, सरकलं. मोठ्या बोराएवढी होती. मी गळ्यातलं अडकवलं आणि हळदीकुंकवाला गेले. तिथे तिळगूळ घेताना माझ्या डोक्यात एकच शब्द होता, गंडमाळ. आमच्या खात्यात हा जुना शब्द आता कुणी वापरत नाही, पण म्हाताऱ्या बायका अजून वापरतात.

माणसाच्या मानेत गाठ आली की ती दुखते की नाही हे लोक आधी बघतात, आणि दुखत नसेल तर निर्धास्त होतात. हा उलटा हिशेब मी आयुष्यभर लोकांच्या डोक्यातून काढत आले. दाढ किडली, घसा आला, डोक्यात खांडूक झालं की गाठ दुखते, चार दिवसांत लाल होते आणि दोन-तीन आठवड्यांत बसते. ती साधी. न दुखणारी, हळूहळू वाढणारी आणि महिना उलटून गेला तरी न जाणारी गाठ असली की मी माणसाला बाकड्यावरून उठू देत नसे. आमच्याकडे त्यातल्या बऱ्याच गाठी क्षयाच्या निघतात. फुप्फुसात काही नसतं, खोकला नसतो, कुणाला लागण होण्याची भीती नसते, नुसती मानेत एक गाठ असते. मग तिच्या शेजारी दुसरी येते, दोन्ही एकमेकींना चिकटतात, मऊ पडतात, कधी फुटून वाहतात. सहा महिने गोळ्या घेतल्या की माणूस बरा होतो.

म्हणून मी घाबरले नाही. निदान तसं मी स्वतःला सांगितलं.

आमच्या डॉक्टरमॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या आहेत. मला ‘ताई’ म्हणतात. त्यांनी मला खुर्चीत बसवून नीट तपासलं. मान दोन्ही बाजूंनी, गळपट्टीच्या हाडाच्या वर, काखा, जांघा, पोट. मग बॅटरी घेऊन तोंडात बघितलं, जिभेच्या खाली, टाळूला, दाढांच्या मागे. मी म्हटलं, “अहो, मी तंबाखू खाते का?” त्या म्हणाल्या, “नाही खात, पण मानेतल्या गाठीचं मूळ कित्येकदा तोंडात किंवा घशात असतं. तिथे न बघता गाठीला हात लावायचा नसतो.” हे मला माहीत नव्हतं असं नाही. दगडासारख्या कडक गाठी घेऊन आलेले आणि शेवटी जिभेच्या मुळाशी जखम निघालेले म्हातारे मी पाहिलेत. पण ते माझ्यावर होत असताना मला राग आला. मी रुग्ण झाले होते, आणि हे मला कुणी विचारून केलं नव्हतं.

त्यांनी रक्त, साखर, एचआयव्ही, छातीचा एक्स-रे, सगळं करायला लावलं. सगळं ठीक आलं. तीन आठवडे वाट बघितली, गाठ तशीच. मग सुईची तपासणी झाली. मानेत बारीक सुई घालून गाठीतला थेंबभर नमुना काढायचा, काचेवर पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. उरलेला थेंब यंत्रात घालून क्षयाचे जंतू शोधायचे. अहवाल आला. जंतू दिसले नाहीत, यंत्रातही सापडले नाहीत, पण क्षयात दिसतो तसा पेशींचा पुंजका एक-दोन ठिकाणी दिसतो. खाली ओळ होती की नमुना कमी आहे, गरज वाटल्यास पूर्ण गाठ काढून तपासावी.

त्या शेवटच्या ओळीवर डॉक्टरमॅडमनी पेनने रेघ मारली. म्हणाल्या, “ताई, गाठ काढून बघूया.”

मी म्हटलं, “कशाला? पुंजके आहेत की.”

“पुंजके दुसऱ्या आजारातही दिसतात. गाठ रबरासारखी लागतेय मला, चिकटलेली नाही. सुईत चार पेशी येतात. त्या गाठीत कशा मांडल्यात ते सुईला दिसत नाही. ते बघायचं तर अख्खी गाठ लागते.”

“दुसरा आजार म्हणजे?”

त्या सरळ म्हणाल्या, “लिम्फोमा. गाठींचाच कॅन्सर. असेलच असं नाही. पण नाही हे कळायला हवं ना.”

इथे मी जे केलं ते आमच्या खोलीत बसणाऱ्या माणसालाच करता आलं असतं. साधा रुग्ण असता तर तो मान डोलावून गेला असता, किंवा पळून गेला असता. मी वाद घातला, आणि माझ्याकडे वाद घालायला बावीस वर्षांचं सामान होतं. यंत्रात जंतू सापडले नाहीत म्हणून गाठीचा क्षय नाही असं म्हणता येत नाही, हे मी त्यांना सांगितलं, आणि ते खरं आहे. मी रोज रुग्णांच्या तोंडासमोर बसते, मला क्षय होणार नाही तर कुणाला होणार, हेही सांगितलं. डॉक्टर आपल्या अंदाजावर गोळ्या सुरू करू शकतात, तशी आमच्याकडे सोय आहे, मागे कुणाकुणाला तशा सुरू केल्या होत्या ते तारखांसकट सांगितलं. त्या चार वर्षांपूर्वी कामाला लागल्या, तेव्हा फॉर्म कसे भरायचे हे त्यांना मी शिकवलं होतं. माणूस असा कुठे कुठे वसुली करतो बघा. शेवटी त्या म्हणाल्या, “ठीक आहे. दोन महिने देऊ. पण दोन महिन्यांत फरक पडला नाही तर मी काही ऐकणार नाही.”

मी जिंकले. गोळ्यांचं पाकीट मीच कपाटातून काढून घेतलं.

खरं कारण आता लिहून टाकते. क्षय माझ्या ओळखीचा होता. त्याची सुरुवात, मधले दिवस, शेवट, सगळं मला पाठ होतं. सहा महिन्यांनी कार्डावर ‘उपचार पूर्ण’ असं लिहिलं जातं आणि माणूस पेढे घेऊन येतो. तो दुसरा शब्द मला ओळखीचा नव्हता. मी घाबरले होते. मरणाची घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला मी बावीस वर्षं जे बोलत आले ते मला कुणी बोलू नये म्हणून मी शहाणपणा करत होते.

गोळ्या घेताना समोर कुणीतरी बसलेलं असावं असा आमचा नियम आहे. माझ्यासमोर माझे यजमान बसायचे. ते नोकरीतून निवृत्त झालेत, घरी असतात, आणि त्यांना काहीही नियमाने करायला दिलं की ते खूश असतात. रोज सकाळी चहाआधी चार गोळ्या तळहातावर मोजून द्यायचे, पाणी द्यायचे, मी गिळेपर्यंत बघत बसायचे आणि मग कार्डावरच्या चौकोनात बारीक खूण करायचे. पहिल्या दिवशी लघवी केशरी झाली तेव्हा मीच त्यांना म्हटलं, “बघा, औषध लागू पडतंय.” ती त्या गोळीच्या रंगाने होते. सगळ्यांचीच होते, आजार असो वा नसो. हे मी शेकडो लोकांना समजावलेलं आहे.

गाठीचं माप आणि वजन मात्र कार्डावर मी लिहायचे. खोलीत दुसरं कोण होतं? दर महिन्याला रुग्णाचं माप मीच घेते, माझंही मीच घेतलं. आरशासमोर उभं राहून टेप लावायची. पहिल्या वेळी अडीच सेंटिमीटर होती, तेवढी लिहिली. महिन्याने टेप लावली तर तीन. आता मानेला टेप लावताना ती थोडी तिरकी धरली, थोडी दाबली, की माप कमी येतं. मी थोडी दाबली आणि अडीच लिहिलं. खोटं नव्हतं असं मला वाटलं. गोळ्या सुरू केल्यावर क्षयाच्या गाठी सुरुवातीला कधीकधी वाढतात, घाबरायचं नसतं, असं मी स्वतःला म्हटलं. हेही खरं आहे. माझं प्रत्येक खोटं अशा एकेका खऱ्या गोष्टीला टेकवून उभं होतं.

वजनाचंही तसंच. गोळ्या सुरू झाल्या की रुग्णाला भूक लागते, वजन चढतं. माझं उतरत होतं. अठ्ठावन्नचं छप्पन्न झालं, मग पंचावन्न. एकदा मी चपला घालून काट्यावर उभी राहिले. पर्ससुद्धा खांद्याला होती. अंगाला खाज सुटायची, नुसती खाज, पुरळ नाही काही नाही. विरारच्या एप्रिलात कुणाला खाज सुटत नाही? घामोळं म्हटलं. गोळ्यांचीही खाज येते, म्हणून वर तेही म्हटलं. झोपेत पाठ घामाने भिजायची, उठून गाऊन बदलावा लागायचा. बावन्न वर्षांच्या बाईला घाम का येतो हे सगळ्या बायकांना माहीत असतं. माझ्याकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं, आणि उत्तर देणारी इतकी हुशार बाई समोर असल्यावर प्रश्न विचारायला येणार कोण?

दोन महिने झाले तेव्हा मी कार्डावर ‘दोन सेंटिमीटर’ लिहिलं. ते कार्ड डॉक्टरमॅडमच्या टेबलावर ठेवलं ते मुद्दाम गर्दीच्या वेळी. बाहेर पंचवीस माणसं बसली होती. त्यांनी वरून बोट फिरवलं, म्हणाल्या, “कमी होतेय ना? छान. मी दुपारी बघते हात लावून.” दुपारी मी भेटी द्यायला बाहेर पडले. चार औषधांतलं एक कमी झालं, तीन उरली, आणि मी उरलेले चार महिने सुरू केले.

याच्या आधी, माझ्या गोळ्यांना महिना होत आला तेव्हा, माझ्याकडे एक रिक्षावाला आला. मूळचा चांदीपचा, मनवेलपाड्यात चाळीत राहायचा, पस्तिशीचा. त्याच्याही मानेत गाठ, न दुखणारी, दोन महिन्यांची. सुईची तपासणी झाली, त्यात काहीच धड आलं नाही. डॉक्टरमॅडमनी गाठ काढायला सांगितली आणि तो यायचा बंद झाला. मी त्याच्या घरी गेले. तो दारात रिक्षाची गादी झटकत होता.

“कापायला कशाला सांगता मॅडम,” तो म्हणाला, “गोल्या द्या ना, मी खातो. मानेला काय झालं तर रिक्षा कोन चालवनार?”

मी तोंडाचा पट्टा सोडला. अख्खी चाळ ऐकत होती. “गोळ्या काय चणेफुटाणे आहेत? कशावर देऊ गोळ्या? तुझ्या मानेत काय आहे हे मला माहीत नाही, तुला माहीत नाही, डॉक्टरला माहीत नाही. सुईला कळलं नाही. महिना उलटून गेला, गाठ बसत नाही, म्हणजे ती काढूनच बघायची. क्षय निघाला तर गोळ्या, दुसरं काही निघालं तर त्याचं औषध. आंधळेपणी सहा महिने गोळ्या खाऊन तू करणार काय? मानेत दुसराच काही आजार असेल तर तो सहा महिने फुकट वाढेल.”

हे सगळं मी बोलले. माझ्या गळ्याभोवती ओढणी होती. उन्हाळ्यात ओढणीचे दोन वेढे का घेतलेत, हे चाळीतल्या एकाही बाईने मला विचारलं नाही.

तो गाठ काढायला गेला. भागातल्या एका सर्जनने भूल देऊन अर्ध्या तासात गाठ काढली, त्याच दिवशी घरी सोडलं. काढलेल्या गाठीचे दोन भाग करायचे असतात. एक भाग फॉर्मालिनच्या बाटलीत, तो सूक्ष्मदर्शकाखाली बघायला जातो. दुसरा साध्या सलाईनच्या बाटलीत, तो जंतू शोधायला. दोन्ही फॉर्मालिनमध्ये टाकले तर जंतू मरतात, मग त्यांची वाढ करून कुठलं औषध चालेल ते बघता येत नाही. हे विसरू नका म्हणून मीच सर्जनला फोन केला होता, रिक्षावाल्याच्या बायकोच्या हातात दोन बाटल्या दिल्या होत्या आणि कुठली कुठे द्यायची ते दोनदा वदवून घेतलं होतं. अहवाल आला, क्षय. जंतू सापडले, आणि नेहमीच्या औषधाला दाद देणारे निघाले. त्याने गोळ्या सुरू केल्या. पाचव्या आठवड्यात त्याचं वजन दोन किलोने चढलं होतं. ते मी त्याच्या कार्डावर लिहिलं, आणि लिहिताना मला त्याचा हेवा वाटला. एका रिक्षावाल्याच्या क्षयाचा हेवा.

मेच्या मध्याला एका दुपारी मी भेटी संपवून स्टेशनकडे निघाले होते, तो समोरून आला. म्हणाला, “बसा मॅडम, सोडतो.” मी मागे बसले. ऊन मी म्हणत होतं. ओढणी सैल केली. मग सिग्नलला थांबल्यावर त्याने आरशातून माझ्याकडे बघितलं.

“मॅडम, तुमची कधी काढनार?”

“काय?”

“गाठ. मी दोन महिने बघतोय. माझं वजन करताना तुमचा एक हात सारखा तिथंच असतो. आधी वाटलं सवय असेल. आता तर वरूनच दिसते.”

मी म्हटलं, “माझ्या गोळ्या चालू आहेत.”

“काढून बघितली होती?”

मी ओढणी पुन्हा घट्ट केली. सिग्नल सुटला. तो पुढे बघून रिक्षा चालवत राहिला आणि म्हणाला, “मला तर तुम्ही किती शिव्या घातल्या.” आवाजात टोमणा नव्हता. तो खरोखरच नवल करत होता. मला त्याच्या रिक्षातून उडी मारावीशी वाटली. आजवर कुणी माझा इतका अपमान केला नव्हता, आणि त्याचा तसा काही हेतूही नव्हता.

स्टेशनला उतरायच्या ऐवजी मी त्याला म्हटलं, “दवाखान्याकडे वळव.”

डॉक्टरमॅडम निघायच्या तयारीत होत्या. मी ओढणी काढून टेबलावर ठेवली. त्यांनी गाठीला हात लावला आणि मापाचं साधन घेतलं. साडेतीन सेंटिमीटर. मग त्यांची बोटं खाली सरकली. गळपट्टीच्या हाडाच्या वर एक, मागच्या बाजूला दोन. त्यांनी माझं कार्ड मागवलं. ‘दोन सेंटिमीटर’ या शब्दांवर त्यांनी बोट ठेवलं.

“ताई, हे कुणी लिहिलं?”

“मी.”

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी खुर्ची ओढली, बसल्या, आणि म्हणाल्या, “चूक माझी आहे. मी हात लावून बघायला हवं होतं.” मी नको नको म्हटलं, पण त्या ऐकत नव्हत्या. त्यांनी चिठ्ठी लिहिली. सर्जनकडे जाईपर्यंत सूज उतरवायची म्हणून कुणी स्टेरॉइड दिलं तर घ्यायचं नाही, त्याने गाठ तात्पुरती विरघळते आणि मग तपासणीत काही सापडत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. मला सगळं माहीत होतं. तरी मी पहिल्यांदा नुसती मान हलवली.

गाठ चार दिवसांनी निघाली. कापताना दुखलं नाही, ओढल्यासारखं वाटलं. माझ्याही दोन बाटल्या झाल्या. यजमानांनी त्या पिशवीत उभ्या राहतील अशा बसवल्या आणि दोन ठिकाणी नेऊन दिल्या. पहिला अहवाल आठ दिवसांनी आला. त्यात लिम्फोमाची शंका होती. खास रंगांच्या तपासण्या व्हायला आणखी आठवडा गेला. हॉजकिन प्रकारचा. या प्रकारात गाठीत क्षयासारखेच पुंजके दिसू शकतात, हे खाली दोन ओळींत लिहिलं होतं. सुईने खोटं सांगितलं नव्हतं. तिने जेवढं बघितलं तेवढं सांगितलं, आणि मी तेवढंच ऐकलं.

क्षयाच्या गोळ्या बंद झाल्या. मुंबईच्या मोठ्या रुग्णालयात अख्ख्या अंगाचा स्कॅन झाला. मानेत, छातीत, आणि पोटातही गाठी होत्या, म्हणजे तिसरी पायरी. तिथले डॉक्टर शांत होते. या आजारात औषध चांगलं लागू पडतं, दर पंधरा दिवसांनी सलाईन द्यावं लागेल, सहा महिने, बरी होण्याची शक्यता चांगली आहे, असं त्यांनी सांगितलं. मी त्यांना विचारलं, “मी फेब्रुवारीत आले असते तर कुठली पायरी असती?”

ते म्हणाले, “तेव्हाचा स्कॅन नाही. त्यामुळे ते आता कुणालाच सांगता येणार नाही.”

मला त्यांनी शिवी दिली असती तरी चालली असती. हा प्रश्न आता जन्मभर माझ्याकडेच राहणार. मी बरी झाले तरी राहणार.

घरी आलो. यजमानांनी पंखा लावला, पाणी आणून दिलं, आणि समोर बसले. सकाळी गोळ्या देताना बसायचे त्याच खुर्चीत. गोळ्या नव्हत्या, त्यामुळे त्यांना हातांचं काय करायचं ते कळत नसावं.

“तू म्हणायचीस कमी होतेय,” ते म्हणाले.

“म्हणायचे.”

“होत होती का?”

“नाही.”

“एकदाही?”

“एकदाही नाही.”

मग ते म्हणाले, “मी रोज समोर बसायचो. मला एकदा हात लावू दिला असतास.”

मी खुर्ची पुढे ओढली. त्यांनी हात उचलला, तो आधी टाक्यांच्या पट्टीपाशी थांबला, मग खाली गळपट्टीच्या हाडाकडे आला. तिथली गाठ त्यांच्या बोटाला लागली. ती काढलेली नव्हती, औषधाने जायची होती.

“ही कधीची?” त्यांनी विचारलं.

ही मी कुणालाच सांगितली नव्हती, डॉक्टरमॅडमच्या बोटाला लागेपर्यंत. दुसऱ्या महिन्याच्या शेवटी एका सकाळी अंघोळ करताना ती मला सापडली होती. त्याच सकाळी त्यांच्या हातून मी चार गोळ्या घेतल्या होत्या, आणि दवाखान्यात जाऊन ‘दोन सेंटिमीटर’ लिहिलं होतं.

मी त्यांना तो दिवस सांगितला. त्यांना तो आठवला. त्या दिवशी बरं वाटतंय म्हणून मी शिरा केला होता, आणि आम्ही दोघांनी तो खाल्ला होता.